व्हय आणि कारणाचा रकाना

आमच्या चाकणच्या कारखान्यात नवी लाइन उभी राहत होती, तेव्हा रोज सकाळी सव्वानऊला तिच्या शेजारी उभी मीटिंग व्हायची. खुर्च्या मुद्दाम ठेवल्या नव्हत्या. बसलं की माणसं गप्पा मारतात, असं आमच्या प्रकल्प प्रमुखांचं मत होतं. त्यांचं आणखी एक मत होतं, आणि ते त्यांनी नियम म्हणून फळ्यावर लिहून ठेवलं होतं: ‘फक्त हो किंवा नाही. कारणं नंतर.’ कुणी कारण सांगायला तोंड उघडलं की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, “ते आपण ऑफलाइन घेऊ.” ऑफलाइन म्हणजे मीटिंगनंतर, बाजूला. ती बाजू मला आजतागायत कुठे दिसलेली नाही.

या मीटिंगा रेकॉर्ड व्हायच्या. खांबाला टॅब लावलेला असायचा, मी तो सुरू करायचे आणि संपलं की बंद करायचे. शनिवारी सोमवार ते शुक्रवारची पाच रेकॉर्डिंगं ऐकून एका पानाचा अहवाल करायचा, हे माझं काम. त्यात तीन रकाने: काय सरकलं, काय अडलं, का अडलं. सोमवारी सकाळी प्लांटचे मोठे साहेब तो वाचायचे आणि त्यावर निर्णय घ्यायचे. आता मला सांगा, आठवडाभर ज्या मीटिंगमध्ये कारण उच्चारायचीच बंदी, तिच्यातून शनिवारी मी कारण कुठून आणायचं? हा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात विचारायला हवा होता. मी विचारला नाही. रकाना दिसला की तो भरायचा, असंच मला वाटत होतं.

शिवाय मी ‘ऐकून’ म्हणतेय, पण खरं तर ऐकत नव्हतेच. रेकॉर्डिंग एका सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की ते बोलण्याचा मजकूर करून द्यायचं, आणि मजकुराचा सारांशही. मी तो सारांश नीटनेटका करून रकान्यांत बसवायचे. शनिवारी कंपनीची बस लवकर सुटते, ती चुकली तर रहाटणीपर्यंत दोन रिक्षा बदलत जावं लागतं. हे कारण मी माझ्यापुरतं पुरेसं मानलं होतं.

टूलरूमचे, म्हणजे मशीनसाठी लागणारी साधनं बनवणाऱ्या विभागाचे, सगळ्यांत जुने कारागीर मावळातल्या एका गावचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत आली होती आणि त्यांनी एक वर्षाची मुदतवाढ मागितली होती. नवी लाइन चालू झालेली बघून मग घरी बसायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे त्या लाइनचं मुख्य फिक्श्चर होतं. लाइनवर बनणारा सुटा भाग म्हणजे ब्रॅकेट; भोकं पाडताना तो जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारं ते साधन. ते झाल्याशिवाय पुढचं काहीच हलणार नव्हतं.

मामा बोलायचे कमी. दुसरा बोलत असला की ते मधून मधून ‘व्हय’ म्हणायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत सॉफ्टवेअरने या ‘व्हय’चं इंग्रजी ‘व्हाय’ केलं. मजकुरात दर चार ओळींनी टूलरूम विचारतेय: का? का? का? आणि खाली सारांश: ‘टूलरूमने कामाच्या तारखांवर वारंवार आक्षेप घेतला.’ मी पोट धरून हसले होते. मग मी हुशारी केली. सारांश काढण्याआधी मजकुरातला प्रत्येक ‘व्हाय’ शोधून त्याजागी ‘होय’ टाकायची सोय करून ठेवली. एकदा केली की कायमची. माझ्या या हुशारीबद्दल प्रमुखांनी मला शाबासकीही दिली होती.

ज्या आठवड्याचं मी सांगतेय, त्या शनिवारी सारांश आला: फिक्श्चर अडलेलं. टूलरूमने सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी ‘दुसऱ्या दिवशी देतो’ म्हणून होकार दिला, काम दिलं नाही. मी ते जरा भारदस्त केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘टूलरूमने तीन वेळा शब्द देऊन पाळला नाही.’ वाक्य मला आवडलंसुद्धा. पाठवून दिलं आणि बस पकडली.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्या टेबलापाशी आले. हात पुसायचं फडकं खांद्यावर होतं. आवाज चढलेला नव्हता.

“ताई, मोठ्या साहेबांनी मला सकाळी बोलावलं हुतं. म्हनले, तीन टायमाला शब्द दिला आन् फिरवला. मी कवा शब्द दिला, तेवढं सांगा.”

“रेकॉर्डिंगमध्ये आहे, मामा.”

“मग लावा की.”

एक इयरफोन त्यांना दिला, एक मी घातला. गेल्या सोमवारचं लावलं. कॉम्प्रेसरची घरघर, मग प्रमुखांचा आवाज: “फिक्श्चर उद्यापर्यंत लागेल. मोठ्या साहेबांना मी सांगितलंय.” त्यावर मामांचं ‘व्हय’. आणि लगेच, जरा लांबून, “पर ड्रॉइंग…” तेवढ्यात प्रमुख: “ते आपण ऑफलाइन घेऊ.” मंगळवारीही तेच. “उद्या लागेल.” “व्हय. पर सायेब, ते नवं ड्रॉइंग…” “ऑफलाइन, ऑफलाइन.” गुरुवारी तर मामा ‘व्हय’च्या पुढे गेलेच नाहीत. थकले असतील.

मी ते तिन्ही तुकडे पुन्हा लावले. मला खात्री करून घ्यायची नव्हती. माझी मान वर करायची तयारी नव्हती, म्हणून लावले.

“मामा, तुम्ही व्हय म्हणालात.”

“म्हनलो की. मानूस बोलतोय तर व्हय म्हनाय नगं? न्हाई तर त्याला वाटंल, ह्याचं ध्यान न्हाई. व्हय म्हंजी ऐकतुया. करतो म्हनायचं असंल तर मी करतो म्हनंन.”

हे मला कळायला हवं होतं. माझे वडील पिंपरीत लेथ मशीनवर उभं आयुष्य उभे होते. त्यांचे मावळातले जोडीदार घरी चहाला यायचे, तेव्हा खोलीत ‘व्हय, व्हय’ चालूच असायचं आणि त्यातल्या कुणीही कशालाही होकार दिलेला नसायचा. मी लहानपणापासून ऐकत आलेला शब्द मी एका बटणाने पुसला आणि त्याजागी माझ्या ऑफिसचा शब्द बसवला. सॉफ्टवेअरने निदान ‘का’ असं तरी ऐकलं होतं. त्या आठवड्यात तोच प्रश्न बरोबर होता.

“ड्रॉइंगचं काय झालं?” मी विचारलं. इतक्या आठवड्यांत त्यांना मी पहिल्यांदा काही विचारत होते.

ब्रॅकेटमधलं एक भोक दोन मिलिमीटर सरकलं होतं. डिझाइनवाल्यांनी नवं ड्रॉइंग केलं होतं, पण मंजुरीची सही नसल्यामुळे ते टूलरूमला मिळालं नव्हतं. जुन्या ड्रॉइंगवर फिक्श्चर केलं असतं तर ते भंगारात गेलं असतं. मामा ते न करता थांबले, म्हणजे जे करायला हवं होतं तेच त्यांनी केलं. सही कुणाची बाकी होती? मी डिझाइनवाल्यांना फोन लावला, तेव्हा कळलं: आमच्या प्रमुखांची. त्याआधीच्या शुक्रवारपासून ते ड्रॉइंग त्यांच्या मेलमध्ये पडून होतं.

माझं डोकं असं फिरलं की मी जेवलेच नाही. दुरुस्त अहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात: ‘बदललेल्या ड्रॉइंगला प्रकल्प प्रमुखांची मंजुरी मिळालेली नाही. टूलरूमने तारखेचा शब्द दिलेला नव्हता. आधीच्या अहवालातली नोंद माझ्या चुकीमुळे झाली.’ तो घेऊन मी प्रमुखांकडे गेले.

त्यांनी वाचलं. “मॅडम, हे असं नाही लिहायचं. ‘डिझाइन बदल प्रक्रियेत’ लिहा.”

“पण सर, प्रक्रियेत म्हणजे तुमच्याकडे.”

“मला दिवसाला दोनशे मेल येतात.”

“मामांना सांगू दिलं असतं तर गेल्या सोमवारीच कळलं असतं.”

“मीटिंग कारणं ऐकायला नसते. तिला शिस्त लागते.” मग जरा मवाळ होऊन म्हणाले, “एका आठवड्याचा अहवाल. कोण लक्षात ठेवतंय? राहू द्या.”

संताप मला याच बोलण्याचा आला. अहवाल कुणी लक्षात ठेवत नाही, हे त्या अहवालासाठी पाच दिवस माणसांना उभं करणारा माणूस सांगत होता. स्वतःची सही विसरायची तेव्हा दोनशे मेल आणि दुसऱ्याचं एक ‘व्हय’ मात्र पक्कं ध्यानात. मी एकही शब्द न बदलता मंगळवारी सकाळी तो अहवाल मोठ्या साहेबांना पाठवला. प्रमुखांची सही त्याच दुपारी झाली. शनिवारी फिक्श्चर लाइनवर होतं आणि पहिलाच ब्रॅकेट मापात निघाला. ‘काय सरकलं’ या रकान्यात मी ते लिहिलं आणि मला वाटलं, निस्तरलं.

पुढच्या आठवड्यात मामांना मुदतवाढीचं पत्र आलं. मागितलं होतं एक वर्ष, मिळाले तीन महिने. ‘कामगिरी पाहून पुढील विचार केला जाईल.’ आणि त्याच्या वर कारण दिलं होतं: ‘टूलरूमने तीन वेळा शब्द देऊन पाळला नाही.’ तेच वाक्य, स्वल्पविरामासकट म्हटलं असतं, पण त्यात स्वल्पविराम नव्हता.

मी कार्मिक विभागात गेले. तिथल्या बाईंनी फाइल उघडून दाखवली. दोन्ही अहवाल लावलेले होते, एकाखाली एक. पत्राचा मसुदा सोमवारी तयार झाला होता, माझी दुरुस्ती मंगळवारची. “मसुद्यावर सही आली, आम्ही पाठवलं,” त्या म्हणाल्या. दुरुस्ती वाचली का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “लावली आहे ना.” बदलासाठी मी अर्ज दिला. तोही त्यांनी लावून घेतला.

मी टूलरूममध्ये गेले. मामा पत्र चष्मा लावून वाचत होते. वाचून झाल्यावर माझ्यापुढे धरलं.

“हे वाक्य बघा, ताई. कसं घट्ट बसवलंय. हालत न्हाई कुठूनबी. कुनी लिवलं आसंल?”

प्रमुखांचं नाव घ्यायला मला कुणी अडवलं नसतं. ड्रॉइंग त्यांनी अडवलं होतं, तोंड त्यांनी बंद केलं होतं. पण वाक्य त्यांचं नव्हतं.

“मी लिहिलं, मामा.”

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“तुमी लिवत हुता तवा मी हितंच हुतो,” ते म्हणाले. “शनवारी, ह्याच टेबलाशी. तुमच्यापास्नं चाळीस पावलं.”