मेमोचं उत्तर

सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर माणूस मुलाखतीला घाबरत नाही, चिडतो. मीही चिडले होते. आमचा तालुका जिल्हा होणार, रुग्णालय मोठं होणार, असे बॅनर चौकाचौकात लागले होते, आणि त्याच बॅनरखाली बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. जिल्हा काही झाला नाही, पण स्टाफ नर्सच्या दोन कायम जागा निघाल्या. ज्या वॉर्डात मी रोज राबत होते, त्याच वॉर्डात काम करायला मी लायक आहे की नाही, हे आता लातूरला ठरणार होतं.

माझ्या खोलीत राहणारी दुसरी सिस्टर बिलोलीकडची. नुकतीच लागली होती, त्यामुळे तिला अर्ज करता येत नव्हता. माझी तयारी तिनं अंगावर घेतली. खाटेवर मांडी घालून साहेबासारखं विचारायची.

"ड्यूटीवर आल्यावर पहिलं काय?"

"खाटेखाटेवर जाऊन आधीच्या सिस्टरकडून चार्ज घेणार. गंभीर पेशंट कोण, सलाईन कुठवर आलं, कुणाचं इंजेक्शन राहिलं. मग इमर्जन्सी ट्रे, ऑक्सिजन. आणि बाळंतपणासाठी पाण्याचा ड्रम भरलाय का ते."

"ड्रमाचं पुस्तकात न्हाई, ताई."

नसेल. त्या उन्हाळ्यात हात कशानं धुवायचे, ते पुस्तकवाल्यांनी येऊन सांगावं.

मग ती पेशंटचा नवरा व्हायची. "ओ सिस्टर, नळाला पाणी न्हाई, डॉक्टर जाग्यावर न्हाई, काय करून राहिलात तुम्ही?"

"नळ मी बंद केलाय का?" मी म्हणायचे.

"ताई, असं बोललात तर गेली पोस्ट. आधी त्याचं ऐकून घ्या. मग काय चाललंय ते सरळ सांगा."

हे मी कसंबसं गिळलं. अडलं ते रक्तावर. रक्त चढवताना पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली, तर काय करणार?

"डॉक्टरांना कळवणार."

ती बघतच राहिली. "आधी रक्त बंद करायचं ना, ताई? हे तर पहिल्या वर्षाचं पोर सांगंल."

मला ठाऊक नव्हतं होय? दोन वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला असंच झालं होतं. मी क्लॅम्प बंद केला, नळी बदलून नवा सेट लावला, साधं सलाईन सुरू केलं, बीपी घेतला आणि मग फोन केला. बाई वाचली. डॉक्टर आले ते ओरडतच. तिच्या नवऱ्यानं लातूरहून आणलेली रक्ताची पिशवी मी वाया घालवली म्हणे, न विचारता. दुसऱ्या दिवशी हातात मेमो. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता.

"तिथं समोर डॉक्टरच बसणार आहेत," मी तिला सुनावलं. "त्यांना काय आवडतं ते मला शिकवू नकोस."

मुलाखतीत तिघं होते: दोन डॉक्टर आणि एक वयस्क मेट्रन. चार्ज, औषधं, ओरडणारा नातेवाईक, सगळं नीट झालं. मग रक्ताचा प्रश्न आला आणि मी ठरवलेलं उत्तर दिलं.

त्यातल्या एका डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे डॉक्टर येईपर्यंत रक्त चालूच?"

माझ्या अंगाची लाही झाली. बंद केलं तर मेमो आणि चालू ठेवलं तर नापास. मी सगळं सांगून टाकलं, क्लॅम्पपासून मेमोपर्यंत. पिशवी आणि सेट तपासणीसाठी रक्तपेढीकडे मी स्वतः पाठवला होता, तेही सांगितलं. आवाज चढला होता, तो मी आवरला नाही.

मेट्रन शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मेमोला उत्तर काय दिलंत?"

"माफी मागितली."

"लेखी?"

"हो. पुन्हा असं होणार नाही, असं लिहून दिलं."

त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचा उमेदवार आत आला.

बसमध्ये औशाच्या एका बाईनं मला खिडकीजवळची जागा दिली, कारण मी रडत होते. मेमो देणाऱ्या डॉक्टरवरचा राग जुना होता, त्याची सवय झाली होती. हा राग माझ्यावरचा होता. एका बाईचा जीव वाचवला म्हणून मी माफी मागितली होती. पुन्हा वाचवणार नाही, असं माझ्या सहीनं लिहून दिलं होतं.

दोन जागांच्या यादीत मी तिसरी होते.

त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. अमुक तारखेची माझी माफी मी परत घेते, रक्त थांबवणं बरोबर होतं आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबवीन. आवक-जावकच्या बाबूनं तो दोनदा वाचला.

"मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट संपून राहिलंय. हे आत्ताच द्यायचं हाय का?"

"शिक्का मारा," मी म्हणाले, आणि माझी प्रत घ्यायला हात पुढे केला.