फोटो आजचा आहे का?

संपादकांचं टिपण आलं तेव्हा मी डिचोलीच्या आमच्या कार्यालयात खिडकीशी बसले होते. पाऊस असा लागला होता की सकाळ झाली की नाही ते घड्याळाला विचारावं लागत होतं. समोरची दुकानं पाण्याच्या पडद्यामागे हळूहळू विरघळत चालली होती, आणि टेबलावरची जुनी वर्तमानपत्रं दमट होऊन शेवाळ्यासारखा वास मारत होती. अशा दिवशी मला काम सुचत नाही, नुसतं बघत बसावंसं वाटतं. पण पुराच्या दिवसांत वार्ताहरानं बघत बसणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्यानं झोप काढणं.

टिपण येण्यामागे इतिहास होता. आदल्या पावसाळ्यात आम्ही एका वाचकाचा फोटो छापला होता: तेरेखोल नदीचं पाणी काठावरच्या माडांच्या बुंध्याशी आलेलं, वर ‘नदीला पूर’ असा मथळा. फोटो त्याच दिवसाचा, जागा तीच, सगळं खरं. फक्त पूर नव्हता. अमावास्येची भरती होती. फेरीबोटीवरच्या लोकांनी तो अंक हातोहात फिरवला आणि आमचे संपादक पडले त्याच नदीकाठच्या पेडण्याचे, म्हणजे घरच्याच लोकांत हसं झालं. तेव्हापासून ते भरतीचं वेळापत्रक खिशात ठेवतात असं आम्ही त्यांच्यामागे म्हणायचो.

टिपण मात्र चोख होतं. वाचकाकडून आलेला फोटो छापण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. तुम्हीच काढला का, कधी, कुठे उभं राहून, हे विचारा. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो कधी काढला ती नोंद गळून पडते. आणि नोंद मिळाली तरी फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं हे विसरू नका. इंटरनेटवर तोच फोटो आधी आलाय का ते शोधा, पण सापडला नाही म्हणून तो नवा ठरत नाही. आधी फोटोतली न हलणारी गोष्ट शोधून जागा जुळवा, मग बदलणारी गोष्ट शोधून काळ जुळवा. गावातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. नदीची पातळी आणि भरती पाहा. परवानगी घ्या. आणखी एका फोटोसाठी कुणालाही पाण्याजवळ धाडू नका. शेवटी एक ओळ होती: ‘हा खराच असणार असं मनापासून वाटलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.’

ती शेवटची ओळ वाचून मी हसले. सर कधीकधी कीर्तनकार होतात.

तासाभरात फोटो आला. साखळी गावच्या एका वाचकानं पाठवला होता, खाली लिहिलं होतं: ‘कारापूर, आज सकाळी.’ एक कौलारू घर, पायऱ्या पाण्यात बुडालेल्या, आणि गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा एक माणूस, डोक्यावर काळी छत्री. मी तो मोठा करून पाहिला. डावा खांब मधोमध चिरलेला होता. त्या खांबाला टेकून मी पाढे पाठ केले होते. ते माझं माहेर होतं.

आणि पाठमोरा माणूस म्हणजे दादा. खांदे तेच, एक पाय सैल सोडून उभं राहणं तेच. मी दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वहिनी तिच्या माहेरी बेळगावकडे गेलेली, म्हणजे घरात तो एकटाच. वाळवंटी नदी चढत होती, कारापूरचा रस्ता बंद झाल्याची बातमी मीच सकाळी दिली होती. आणि तेवढ्यात सरांचा निरोप: कारापूरचा फोटो छान आहे, वेबसाइटवर लगेच घेऊ या, पडताळणी करून कळव.

छान! मला त्या शब्दाचा राग आला. मग वाटलं, मी रागावले म्हणून दादा फोन उचलणार आहे थोडाच. हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी टिपण उघडलं.

पाठवणाऱ्याला फोन केला. फोटो त्यानं काढला नव्हता, मावसभावाकडून आला होता. मावसभावाला तो गावाच्या ग्रुपवर मिळाला होता. इंटरनेटवर काही सापडलं नाही. न हलणारी गोष्ट तर मी छातीठोकपणे सांगू शकत होते. आता बदलणारी. मी फोटोवरून बोट फिरवत राहिले, जणू त्या घरातून चालत होते: पायरी, बसायचा सोपो, खांब, वळचण. वळचणीला पावसाची झड अडवायला विणलेली चुडतं बांधली होती. माडाच्या झावळ्यांची, पिवळी पडलेली, खाली दोरीनं ताणलेली.

दादा चुडतं बांधत नाही. त्याला विणता येत नाहीत. घर त्याच्याकडे आल्यापासून तिथे दर पावसाळ्यात निळं प्लास्टिक फडफडतं, आणि त्यावरून मी त्याला दर पावसाळ्यात टोमणे मारते.

हायसं वाटलं. दादा त्या पाण्यात नाही! खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले, आणि मग एखादं दार आपोआप उघडावं तसं कळलं की दादा नसेल तर तो पाठमोरा माणूस कोण. बाहेर पाऊस तसाच होता. मी मात्र बराच वेळ त्या फोटोतल्या पावसात उभी होते. बाबांना जाऊन वर्षं लोटली होती आणि ‘आज सकाळी’ ते छत्री घेऊन उभे होते.

क्षणभर मला तो फोटो आजचाच हवा होता. सरांची शेवटची ओळ तेव्हा मला कळली.

दुसऱ्या माणसाला विचारायचं होतं. माहेरच्या घराशेजारच्या काकींना फोटो पाठवून फोन लावला. त्या लगेच ओळखून म्हणाल्या, “अगो, तो आजचो न्हय. मियांच काडललो, नवो फोन घेतललो तेन्ना. आमच्या झिलान सकाळी ग्रुपार घातलो, त्या वर्सा इतक्या पाणी इल्ला म्हणान. तुझो बापूस आसा मगे त्येच्यात. आनी तू पण आसस.”

मी नव्हते, असं मी त्यांना ठासून सांगितलं. त्यांनी मूळ फोटो शोधून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. पुढे पाठवता पाठवता कुणीतरी काकींच्या मुलाची ‘त्या वर्षी’ची ओळ गाळली होती आणि उजवी बाजू कापली होती. पूर्ण फोटोत दार दिसत होतं, दारात मी, एक पाय पाण्याकडे टाकलेला. आणि बाबांचा मोकळा हात बाजूला, माझ्याकडे पसरलेला: थांब. मला यातलं काहीच आठवत नव्हतं.

सरांना लिहिलं: जुना फोटो. मूळ फाइलवर जुनी तारीख, वळचणीला तेव्हाची चुडतं, काढणाऱ्या बाईंचा दुजोरा. फोटोतील गृहस्थ हयात नाहीत. घेऊ नये.

त्यांचा फोन आला. “गृहस्थ हयात नाहीत, हे कुणाकडून पडताळलंस?”

“सर, ते माझे बाबा.”

ते म्हणाले, घरी सगळे ठीक आहेत ना ते आधी बघ, पान मी सांभाळतो.

दुपारी दादाचा फोन आला. कारखान्यात पाळीवर होता, मोबाइल नेहमीप्रमाणे लॉकरमध्ये. घरात पाणी नव्हतं, अंगणापर्यंतच आलं होतं. मी त्याला फोटोची गोष्ट सांगितली. एरवी मला चिडवणारा माझा भाऊ एवढंच म्हणाला, मलाही धाड.

मी धाडला. डॉक्युमेंट म्हणून, तारीख गळू नये म्हणून.