तिरक्या शिवणीची ट्रायल ऑर्डर

आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती आणि तिच्यात एक माणूस रबर शिजवायचा. शिजवायचा हा त्याचाच शब्द. कच्च्या रबराचा तुकडा साच्यात ठेवायचा, साचा तापल्या प्रेसमध्ये दाबायचा, काटा फिरेपर्यंत थांबायचं आणि उघडलं की आत रिंगा, बुचं, चकत्या, जे काय असेल ते. त्याला सगळे बूच म्हणायचे. एक तर तो बाटल्यांची बुचं काढायचा, आणि दुसरं म्हणजे समोरच्याच्या तोंडाला बूच बसवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. एकदा भाडं वाढवायला आलेल्या शेडमालकाला त्याने गप्पांत असं गुंतवलं, की मालक जाताना खांद्यावर प्रेसची जुनी प्लेट घेऊन गेला, भंगारात घालून देतो म्हणून. भाड्याचं त्याला घरी गेल्यावर आठवलं.

मला अशा माणसांचा फार लोभ. मी शिकलो गावच्या शाळेत, एका खोलीत चार इयत्ता. गुरुजी एका इयत्तेला गणित घालायचे आणि दुसरीला कविता, त्यामुळे मला अजून पाढे चालीवर येतात आणि कविता हिशेबात. तर असो. बूच आणि मी रोज शेडच्या उंबऱ्यावर बसायचो. त्याची बायको आत स्टुलावर बसून बाकदार कात्रीने रिंगांच्या कडेचं फाजील रबर कापायची. ती बोलायची कमी, पण बोलली की कात्रीनेच बोलल्यासारखी.

बूच आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रेसवर राबला. केस पिकल्यावर कुठे स्वतःचा एक जुना प्रेस घेतला. त्या दिवशी त्याने प्रेसला हात लावून मला सांगितलं होतं, "आता घंटा वाजली की उठणार नाही. मला वाटेल तेव्हा उठेन." आणि मग तो पहाटेपासून उठायला लागला, ते वेगळं.

पण त्याचं मोठं गिऱ्हाईक एकच, बाटल्या भरणारा कारखाना. त्यांनी प्लास्टिकची झाकणं घेतली आणि बुचं बंद झाली. प्रेस गार पडला. शेडचा करार संपत आला होता. एखादं कायमचं काम मिळालं तर शेड राहणार, नाहीतर प्रेस विकून पुन्हा कुणाच्या तरी घंटेवर. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि लगेच दुसरा विनोद केला.

माझी सून पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. घरी येऊन ती एक रडगाणं नेहमी गायची. पंपाच्या अंगात एक रबराची ओ-रिंग बसते, ती पाणी अडवते. ज्या मोठ्या पुरवठादाराकडून त्या यायच्या त्यांच्यातल्या काही झिरपायच्या. पंप तपासायच्या जागी पाण्याचा दाब दिला की थेंब. मग कामगार रिंगेला ग्रीस चोपडून पंप पास करून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाकडे तो पुन्हा गळायचा.

मी बूचला तिची गळकी रिंग दाखवली. त्याने ती नखाने चाचपली आणि हसला. दोन-तीन आठवड्यांनी पिशवीभर नमुने आणून सूनबाईच्या हातात दिले. "बसवून बघ गं. गळली तर माझं नाव बदल. तसंही ते खरं नाही."

सूनबाईने नमुने क्वालिटीवाल्यांकडे दिले. त्यांनी मोजले, ताणले, तेलात बुडवले, पंपात बसवून दाब दिला. थेंब नाही. पण नव्या पुरवठादाराचं नाव यादीत घालायचं तर खरेदीच्या मोठ्या साहेबांची मंजुरी लागते, आणि साहेब तोंडी काही ऐकत नाहीत. म्हणायचे, "मेल करा."

ती मेल तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली. मी समोर, चष्मा पुसत.

"लिही, माणूस सज्जन आहे," मी म्हटलं.

"बाबा, सज्जनपणा मोजायचं यंत्र नाही आमच्याकडे."

"मग लिही, गरजू आहे."

"गरजू म्हटलं की साहेब म्हणतील, आपण पंप करतो की धर्मशाळा चालवतो?"

तिने पहिलंच वाक्य लिहिलं की हा पुरवठादार माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून नमुने मी स्वतः नाही, क्वालिटी विभागाने तपासले आहेत. मी म्हटलं, "अगं, हे कशाला? आपणच आपल्या पायावर धोंडा?" ती म्हणाली, "नंतर दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आधी मी सांगितलेलं बरं." पुढचं मला जवळजवळ पाठ आहे, कारण तिने ते तीनदा वाचून दाखवलं:

"सध्या या रिंगेसाठी आपला एकच पुरवठादार आहे. मागच्या खेपेला त्यांचा माल उशिरा आला तेव्हा आपली लाइन थांबली होती. त्यांची ऑर्डर बंद करावी असं मी सुचवत नाही. फक्त सर्वांत लहान पंपासाठी, पाचशे रिंगांची ट्रायल ऑर्डर द्यावी. हा माल वेगळ्या खोक्यात, वेगळ्या खुणेने ठेवू, म्हणजे निकाल स्पष्ट कळेल. पैसे तपासणी झाल्यावरच. माल नापास झाला तर आपलं नुकसान तेवढ्यापुरतंच. यांच्याकडे एकच प्रेस आहे आणि कसलंही प्रमाणपत्र नाही, म्हणून मोठी ऑर्डर आत्ता देता येणार नाही, हेही नोंदवते."

खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आमच्या घरात असं सरळ कुणी लिहिलं नव्हतं. मी तर वाढदिवसाचं पत्रसुद्धा पाल्हाळ लावून लिहायचो.

साहेबांचं उत्तर एका ओळीचं आलं. "नमुने पास झाले हे ठीक. पण का पास झाले? कारण कळल्याशिवाय नवीन नाव घेता येणार नाही."

प्रश्न रास्त होता, हे सूनबाईही म्हणाली. पाच-दहा नमुने कुणीही निवडून देईल. ती शेडमध्ये गेली, मी मागोमाग.

"काका, कारण विचारलंय."

बूचने साच्यावरून हात फिरवला. आतून कात्री थांबली.

"अहो, सांगू नका," त्याची बायको म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"सांगितलं नाही तर ऑर्डर कोण देईल? तुझा भाऊ?"

"माझा भाऊ निदान विचारत तरी नाही."

बूच उठला. त्याने एक जुनी रिंग आणि एक स्वतःची, दोन्ही ब्लेडने आडव्या कापल्या आणि कापलेली तोंडं सूनबाईपुढे धरली. साचा दोन भागांचा असतो. ते दोन भाग जिथे मिटतात तिथे रबराची बारीक शिवण उठते. साध्या साच्यात ही शिवण रिंगेच्या बरोबर आतल्या आणि बाहेरच्या कडेला येते, आणि या पंपात रिंग दाबली जाते तीही नेमकी तिथेच. म्हणजे जिथे पाणी अडवायचं तिथेच उंचवटा. बूचने साचाच असा कोरून घेतला होता की दोन भाग तिरके मिटतील. शिवण कोपऱ्यात सरकली, दाबाच्या जागेवरून बाजूला.

"ही काही माझी अक्कल नाही," तो म्हणाला. "जुन्या मालकाकडे बारीक कामाचे साचे असेच असायचे. फक्त असा साचा कोरायला महाग पडतो, म्हणून एवढ्याशा रिंगेला कुणी करत नाही. मी केला. बायकोच्या बांगड्या अजून माझ्याशी बोलत नाहीत."

सूनबाईने कापलेल्या रिंगांचे फोटो काढले. दुसऱ्या मेलमध्ये सगळं लिहिलं, फोटो जोडले, आणि वर टाकलं, 'फक्त विभागातल्या माहितीसाठी'. साहेबांचं उत्तर आलं, "उत्तम. बघतो."

बघतो म्हणजे काय, हे आम्हाला कळेपर्यंत शेडचा करार संपून महिनाभराच्या मुदतीवर आला होता. बूच रोज विचारायचा, "तुझ्या साहेबांची नजर कुठवर पोचली?" सूनबाई रोज आठवण करायची. रोज उत्तर, विचार चालू आहे.

मग एक दिवस मोठ्या पुरवठादाराचा नेहमीचा माल आला. माल तपासायच्या टेबलावर सूनबाईने सहज एक रिंग उचलली, नख फिरवलं, आणि ब्लेड मागितलं. कापली. शिवण तिरकी.

ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली. तिथे काय झालं ते तिने घरी जसंच्या तसं सांगितलं.

"सर, हे त्यांना कुठून कळलं?"

"तुमच्या मेलमधून. इतकं स्वच्छ लिहिलं होतंत की मी तीच पुढे पाठवली. म्हटलं, हे जमतंय का बघा, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. दोन आठवड्यांत साचा केला त्यांनी."

"वर लिहिलं होतं, विभागापुरतं."

"अहो, ते आपले जुने पुरवठादार. घरचेच." मग जरा मऊ आवाजात, "आपल्याला गळती थांबवायची होती ना? थांबली. तुमच्यामुळे थांबली. मी वरच्या बैठकीत तुमचं नाव घेतलंय."

"आणि ट्रायल ऑर्डर?"

"आता ट्रायल कसली? एकच प्रेस आहे, प्रमाणपत्र नाही. तुम्हीच लिहिलंय की."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. म्हणाली, "बाबा, वाईट लिहिली असती तर बरं झालं असतं." मी तिचं ताट झाकून ठेवलं.

सांगायला आम्ही दोघं गेलो. तिने ती नवी रिंग बूचच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरली, पिळली, शिवणीवर नख फिरवलं. आम्ही शिव्यांची वाट बघत होतो.

"चांगली काढलीय," तो म्हणाला. "थोडं रबर कोपऱ्यात साठतंय. तापमान जास्त लावतायत."

आतून बायको म्हणाली, "जा मग, सांगून या त्यांना. तेवढंच राहिलंय."

तिने टोमणा मारला होता, पण झालं तसंच. तिरक्या साच्यातून रिंगा फाटून निघायला लागल्या, तेव्हा त्या मोठ्या पुरवठादाराने असं काम येणारा माणूस शोधला आणि त्याला बूच सापडला. प्रेस भंगाराच्या भावाने गेला. शेडमध्ये आता सायकली दुरुस्त होतात. बूच पहिल्या पाळीला असतो. घंटा झाली की उठतो.

त्याने काढलेल्या रिंगा दर महिन्याला खोक्यातून पंपाच्या कारखान्यात येतात. सूनबाई एक कापून बघते. शिवण जागेवर असते, थेंब पडत नाही. ती कागदावर सही करते आणि माल आत जातो. नवा कुणी पुरवठादार नमुने घेऊन आला की ती आधी त्याला सांगते, कारण विचारलं तर आमच्याकडून गुप्ततेचं लेखी घेतल्याशिवाय तोंड उघडू नका. बहुतेकांना ती खडूस वाटते.

मागच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराचा नळ ठिबकायला लागला. बूच सुट्टीच्या दिवशी आला होता, खिशात जुन्या नमुन्यांतल्या दोन-चार रिंगा. मी थाटात म्हटलं, "बसव एक. ही घे माझी ट्रायल ऑर्डर."

त्याने पाना खाली ठेवला आणि सूनबाईकडे न बघता मला म्हणाला, "आधी कारण लिहून द्या."

सूनबाई ओट्याशी उभी होती. ती हात पुसून आतल्या खोलीत गेली, आणि बूचने रिंग बसवून नळ घट्ट केला. त्यानंतर तो ठिबकलेला नाही.