तिरका डेस्क

आमच्या गावात ईएसआरची साथ आली, ती माझ्यामुळे आली. दुसऱ्या कोणी लिहिण्याआधी मीच लिहिलेलं बरं.

मी तेव्हा लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा अभ्यास पांढुर्ण्याला करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सौंसरच्या एका लहान लॅबमध्ये काम शिकायला जात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा गावच्या पंचायतीचे नळवाले. सकाळी टाकीची चावी फिरवायची, कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी द्यायचं ते बघायचं, हे त्यांचं काम. आमच्या बौद्ध वस्तीतला माणूस गावाच्या पाण्याच्या चावीवर बसतो, हे गावानं मान्य केलं होतं. पण लोक मान्य करून विसरले, असं मात्र कधी वाटलं नाही.

लॅबच्या सरांनी आमच्या गावात मोफत रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं, माझ्याच आग्रहानं. शाळेला सुट्टी होती, खोली मिळाली. सर रक्त काढत होते, ईएसआर लावायचं काम माझ्याकडे होतं. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचं, ते लांब, आकडे असलेल्या काचेच्या नळीत भरायचं, नळी स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि एक तास थांबायचं. लाल पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी मोकळं होतं. तासाभरात किती मिलिमीटर मोकळं झालं, तो आकडा म्हणजे ईएसआर. एवढं सोपं काम आहे, म्हणूनच नव्या पोरीकडे देतात.

वीस नळ्यांचं मोठं स्टँड मी शाळेच्या डेस्कवर ठेवलं. डोळ्यांच्या रेषेत येत होतं, वाचायला बरं. डेस्कचा वरचा भाग लिहिण्यासाठी उतरता असतो, पण पेन्सिल ठेवायच्या खाचेत स्टँडचे दोन पाय मस्त अडकले, त्यामुळे ते घसरलं नाही. मला उलट आनंद झाला की किती छान बसलं. दुसरं, दहा नळ्यांचं लहान स्टँड फरशीवर, भिंतीला लावून ठेवलं.

रांगेत आधी गावातले आले, मग आमच्या वस्तीतले. हे कोणी ठरवलं नव्हतं, नेहमीसारखंच झालं. त्यामुळे गावातल्या वीस जणांचं रक्त डेस्कवर गेलं आणि आमच्या दहा जणांचं फरशीवर.

दोन दिवसांनी रिपोर्ट वाटले. वीसच्या वीस जणांचा ईएसआर वाढलेला. कोणाचा तीस, कोणाचा चाळीस, एका आजीचा तर पंच्याहत्तर. वस्तीतल्या नऊ जणांचा अगदी नॉर्मल. फक्त माझ्या आईचा चौतीस.

"पाहा, तूच एक गावात सामील झाली," बाबा आईला म्हणाले. त्या दिवशी ते हसले होते.

दुसऱ्या दिवशीपासून गावात दुसरं काही बोलणं नव्हतं. पारावर लोक एकमेकांना नमस्काराऐवजी आकडा सांगत होते. अडतीसवाला चव्वेचाळीसवाल्याला जास्त आजारी समजून जागचं उठू देत नव्हता. ईएसआर हा रोग असून तो पाण्यातून पसरतो, असं आधी कोण म्हणालं कोणास ठाऊक. पण संत्र्याची बाग असलेले एक काका त्याचे पुढारी झाले. त्यांचा आकडा एकतीस. त्यांनी घरचे माठ रिकामे केले, सौंसरहून पाण्याच्या मोठ्या बाटल्या आणवल्या आणि कपाळाला पट्टी बांधून फिरू लागले. डोकं दुखतं का विचारलं, तर म्हणायचे, "नाई. पण दुखन उद्या-परवा."

मी त्यांच्या घरी गेले. सांगायचा प्रयत्न केला की ईएसआर हा रोग नाही. अंगात कुठे सूज आली, जंतू शिरले, की रक्तात काही चिकट प्रथिनं वाढतात. एरवी लाल पेशी एकमेकींना थोड्या दूर ढकलत असतात. ही प्रथिनं वाढली की त्या एकमेकींना चिकटतात, ताटात पुऱ्या एकावर एक रचाव्या तशा. सुट्या पुरीपेक्षा थप्पी जड, म्हणून लवकर खाली बसते.

"मंग मायी थप्पी कायची हाये?" काकांनी विचारलं.

"ते ईएसआरवरून नाही कळत, काका. क्षयानं वाढतो, संधिवातानं वाढतो, गळू झालं तरी वाढतो. बाई पोटुशी असली तरी वाढतो. वयानं वाढतो. रक्त कमी असलं तरी वाढतो, आईचा त्यानंच वाढला."

"म्हंजे मले यातलं सगळं असू शकते."

"पोटुशी सोडून," काकू आतून म्हणाल्या.

"तू गप वं." काका माझ्याकडे वळले. "पोरी, एकाले वाढला तर तू म्हणते ते खरं. वीस जणाइले सोबतच कावून वाढला? अन् तुमच्या वस्तीत कावून नाई वाढला? तुह्या बापाले वाढला का?"

बाबांचा आठ होता. तो प्रश्न बरोबरच होता, हे मला घरी येतानाही खुपत होतं.

शुक्रवारी ग्रामसभा ठरली. विषय एकच: पाण्यामुळे ईएसआर वाढल्याबद्दल नळवाला बदलणे. पंचायतीच्या सचिवांनी तो तसाच रजिस्टरमध्ये लिहूनही ठेवला. बाबा घरात एकदा म्हणाले, "पाण्यात काही टाकलं म्हणतात ना, ते डोक्यातून काढता येत नाई. चावी गेली तर जाईल. हे मांगं राहील."

मी लॅबमध्ये सरांना सगळं सांगितलं. सर रिपोर्टचं रजिस्टर बघत होते. म्हणाले, "गाव अन् वस्ती असं नको पाहू. कोणती नळी कुठं होती, ते सांग."

मी सांगितलं. डेस्क म्हणताच सरांनी रजिस्टर मिटलं. "शाळेचा डेस्क? लिहायचा?"

मग मला ते दिसलं. नळी सरळ उभी असली तर पेशींना पूर्ण उंची उतरायची असते. तिरकी असली, तर त्या खालच्या बाजूच्या काचेवर चटकन पोचतात आणि तिच्यावरून थर घसरावा तशा घसरत जातात. पिवळं पाणी वरच्या बाजूनं मोकळं वर चढतं. थोड्या कलानंही आकडा बराच वाढतो. पुस्तकात मी ही ओळ हिरव्या पेनानं अधोरेखित केली होती. परीक्षेत तिला एक मार्क असतो.

"सरपंचबाईंना फोन करून सांगू?" मी विचारलं.

"फोनवर कोणी ऐकणार नाई. दोन्ही स्टँड घेऊन जाऊ," सर म्हणाले.

ग्रामसभा शाळेतच भरली. मी उभी राहिले. चूक माझी होती, स्टँड मी तिरकं ठेवलं होतं, पाण्याचा संबंध नाही, एवढं मी एका दमात म्हणाले.

"बापाले वाचवून राहिली," मागून कोणीतरी म्हणालं.

एक जण उठला. "एवढं हाये तर पाण्याचाच ईएसआर काढा. सगळं समजून जाईल."

याला बऱ्याच लोकांनी माना डोलावल्या. सचिवांनी लिहायलाही घेतलं. सर शांतपणे म्हणाले, "पाण्यात लाल पेशी नसतात. काय बसणार खाली?"

"मंग पाणी साफ हाये असं म्हणा की."

"तेही ईएसआर नाई सांगत."

"तुमचा ईएसआर सांगते तरी काय?" सरपंचबाईंनी विचारलं. त्या कंटाळलेल्या दिसत होत्या.

मग मी म्हणाले की एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत भरू. एक डेस्कवर ठेवू, एक फरशीवर सरळ. माणूस तोच, पाणी तेच. रक्त कोणाचं, हे विचारायची गरज पडली नाही. बागवाले काका बाही वर करूनच आले होते.

मला भीती वाटत होती. काकांना खरंच काही असलं, तर दोन्ही आकडे वाढलेले येतील. तिरका जास्त येईल, पण ते कोण ऐकणार?

एक तास ग्रामसभा दोन नळ्यांसमोर बसून राहिली. कोणी घरी गेलं नाही. चहा आला. दोन म्हाताऱ्यांनी सतरंजी पुढे ओढली. एक जण सारखा विचारत होता, "बसल्या का वं?" काका आपल्याच रक्ताकडे पाहात होते, नातू पहिल्यांदा शाळेत बसवल्यासारखे. बाबा दाराजवळ उभे होते, त्यांना कोणी बस म्हटलं नाही आणि त्यांनी जागा मागितली नाही. अर्ध्या तासातच फरक दिसू लागला.

तास झाला तेव्हा सरांनी आकडे मी नाही, सरपंचबाईंनी वाचावेत असं सांगितलं. त्या खाली बसल्या, पदर सावरला, वाकून वाचलं. फरशीवरची तेरा. डेस्कवरची तीस.

"तेरा म्हंजे?" काकांनी विचारलं.

"नॉर्मल," मी म्हणाले.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी कपाळाची पट्टी चाचपली. "मंग माये गुडघे दुखते ते?"

"ते दुखतच असतील, काका. त्याचं कारण डॉक्टर शोधतील. ईएसआर नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं होत नाही."

यानं त्यांना बरंच समाधान मिळालं.

त्याच दुपारी आम्ही बाकीच्या एकोणीस जणांचं रक्त पुन्हा काढलं आणि स्टँड फरशीवर लावलं. पंधरा जण नॉर्मल निघाले. चार जणांचा वाढलेलाच राहिला: एक पोटुशी वहिनी, एक पायाला गळू झालेला माणूस, रक्त कमी असलेली एक बाई आणि ती पंच्याहत्तरवाली आजी, जिचा आता छप्पन होता. आजीचं कारण आम्हाला सांगता आलं नाही. सरांनी तिला डॉक्टरकडे पाठवायला सांगितलं.

सरपंचबाई उठल्या. "नळवाला तोच राहील. झालं. चला."

लोक उठू लागले. तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "लिहा," ते सचिवांना म्हणाले.

"अहो, झालं ना आता. कोणी काही म्हणून नाई राहिलं."

"म्हटलेलं तुमच्या रजिस्टरात हाये. नाई म्हटलेलंही लिहा."

लोक पुन्हा बसले. सचिवांनी बराच विचार करून लिहिलं, मग मोठ्यानं वाचलं: "ग्रामसभेत एका ग्रामस्थाचा ईएसआर एकाच वेळी दोन ठिकाणी काढला असता तो दोन निघाला. सबब पाण्याचा व नळवाल्याचा दोष नाही. शाळेचा डेस्क तिरका असल्याचे आढळले."

"डेस्कवर कारवाई करायची का?" एकानं विचारलं. तो थट्टा करत होता की नाही, मला कळलं नाही.

"डेस्कचा दोष नाही," मी म्हणाले. "स्टँड मी ठेवलं. ते लिहा."

सचिवांनी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ते नको म्हणतील.

"लिहा," बाबा म्हणाले. "पोरीनं स्वतः उभं राहून सांगितलं, तेही लिहा."

सचिवांनी समासात जागा काढून तेही लिहिलं. बाबांनी ते रजिस्टर हातात घेतलं, बोट फिरवत सावकाश वाचलं, मग सरपंचबाईंकडे सहीसाठी सरकवलं.