व्याह्याचा परत आलेला चेक

परभणीच्या मोंढ्यात, त्या घाऊक बाजारात, वीरभद्रअप्पांना पाच मिनिटं एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याला पेढे द्यायला हरकत नाही. बन्सीधर सेठच्या लोखंडाच्या दुकानात ते वीस वर्षं मुनीम होते; पण गादी त्यांची नावाला. दोन ओळी लिहिल्या की उठायचं, पायरीवर जाऊन रस्ता बघायचा, माठातलं घोटभर पाणी प्यायचं, परत येऊन टाक दौतीत बुडवायचा. हमाल म्हणायचे, "अप्पाच्या पायाला भिंगरी हाय." पण पत्र मात्र असं लिहायचे की, उधारी थकवणारं गिऱ्हाईक पैसेही आणून द्यायचं आणि जाताना पुढच्या मालाची मागणीही सांगून जायचं. या गोष्टीचा अप्पांना फार अभिमान. आणि का नसावा? मोंढ्यात दुसऱ्या कुणाला जमत होतं ते?

त्यांची एकुलती लेक उमादेवी, तीही बापासारखीच चुळबुळी. अप्पांनी तिला मांडीवर बसवून अक्षरं गिरवायला लावली होती. पोरीला शिकवून काय दिवे लावणार, असं भावकीतली माणसं तोंडावर म्हणाली, तरी अप्पा हटले नाहीत. तिच्या लग्नात त्यांनी चाळीस तोळे चांदीचे पायातले तोडे घडवले, घुंगरं लावलेले. चारठाण्याच्या बसवंतरावांच्या घरी ती सून म्हणून गेली. माहेरपणाला आली की ती परसात आहे का माळवदावर आहे, हे अप्पांना बसल्या जागी तोड्यांच्या आवाजावरून कळायचं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं आणि लोखंड जरा बाजारात दिसू लागलं होतं, तेव्हा बसवंतरावांनी कापसाची वखार बांधायला काढली. पत्रे आणि खांब अप्पांच्याच शब्दावर दुकानातून गेले. बिल आठशे रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात. महिन्याच्या आत पैसे दिले तर चाळीस रुपये सूट, व्याज नाही, हा दुकानाचा रिवाज. महिना भरायच्या आत बसवंतराव परभणीला आले आणि सातशे साठांचा चेक देऊन गेले. अप्पांनी चार जणांना ऐकू जाईल असं व्याह्याचं कौतुक केलं, "आमचे इवाई म्हणजे घड्याळ!"

आणि मग तो चेक परत आला.

बँकेचा चपराशी चिठ्ठी घेऊन आला तेव्हा अप्पा पायरीवरच होते. खात्यात पुरेशी रक्कम नाही, एवढंच तिच्यात लिहिलेलं. अप्पांनी ती चिठ्ठी उलटीसुलटी केली, जशी काही मागच्या बाजूला वेगळं काही असणार होतं. त्यांच्या कानशिलातून जाळ निघाला. लेकीच्या सासऱ्याचा चेक! आणि लेकीला सातवा लागत होता, पुढच्या पंधरवड्यात तिला पहिल्या बाळंतपणाला आणायचं होतं. पोरीच्या बापानं व्याह्यापुढं मान खाली घालून उभं राहायचं असतं, तिथं आता बिल घेऊन उभं राहायचं. कसं लिहायचं असलं पत्र?

बन्सीधर सेठ तसा दिलदार माणूस. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "मुनीमजी, समधी आहेत तुमचे. कापसाचे पैसे अडतीवाल्यानं भरले नसतील वेळेवर, दुसरं काय! महिना उलटला, त्यामुळं व्याज तर लागणारच, ते मी कुणालाच सोडत नाही. बँकेनं आपल्याकडून एक रुपया कापला, तोही घ्या. पण चाळीस रुपयांची सूट राहू द्यायची का काढायची, ते तुम्ही ठरवा. माझी हरकत नाही."

झालं असतं तिथंच सगळं गोड. पण दुसऱ्या गादीवर भुजंग बसलेला. हा भुजंग जमाखर्च लिहायचा आणि तोंडाला त्याच्या कुलूप नव्हतं. तो मान वर न करता म्हणाला, "राहू द्या की अप्पा. घरचंच दुकान हाय. गेल्या साली तो पाथरीचा दुकानदार रडला, तेव्हा मात्र तुमी एक पै सोडली नव्हती."

बास! अप्पा ताडकन उठले. "कुणी सांगितलं सोडणार म्हणून? इवाई असला तरी गिऱ्हाईक गिऱ्हाईकच. सेठ, सूट रद्द."

सेठनं खांदे उडवले. भुजंग खुदकन हसला आणि पुन्हा आकड्यांत शिरला.

दुपारी अप्पा घरी जेवायला गेले तेव्हा चटणीत मीठ आहे का नाही हे त्यांना कळलं नाही. गंगम्मानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळं त्यांच्या तोंडून काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, सेठ सोडायलाय तर तुमच्या पोटात का दुखायलंय?"

"उद्या भुजंग मोंढाभर सांगत फिरल की, मुनीमानं व्याह्याला चाळीस रुपये खाऊ घातले."

"भुजंग काय आपली लेक नांदवणार हाय? पोरगी पोटुशी हाय माझी. त्यांनी रागाच्या भरात धाडली न्हाई म्हंजे?"

ताटावरून उठून अप्पा अंगणात गेले, तिथून परसात, परसातून परत अंगणात. मग हात न पुसताच दुकानाकडं निघाले.

पत्र लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली. तीन कागद फाडले. एक फार कडक झालं, एक फार लाचार, आणि एकात तर ते लेकीची तब्येत विचारून बसले होते. दुकानाच्या पत्रात लेक कशाला? शेवटी जे उतरलं ते असं:

"राजश्री बसवंतराव, मुक्काम चारठाणा, यांसी शरणार्थ. विशेष. पत्रे व खांब यांच्या बिलापोटी आपण दिलेला सातशे साठ रुपये हालीचा चेक बँकेत भरला असता, खात्यात पुरेशी रक्कम नाही या शेऱ्यानिशी परत आला. यात आपला हेतू वाईट होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तरी आता दुसरा चेक न देता रक्कम रोख अगर हुंडीने येत्या पौर्णिमेपर्यंत पोचवावी. जादा आकाराचा खुलासा: महिन्याच्या आत पैसे येतील या अटीवर चाळीस रुपये सूट दिली होती. ती अट पुरी न झाल्याने सूट राहत नाही. बिलाचे आठशे रुपयांवर माल नेल्यापासून पौर्णिमेपर्यंत दोन महिन्यांचे व्याज, दरमहा शेकडा एक, सोळा रुपये. बँकेने आमच्याकडून घेतलेला आकार एक रुपया. टपालखर्च आठ आणे. एकूण येणे आठशे सतरा रुपये आठ आणे. रक्कम पोचताच पावती व आपला मूळ चेक परत करू. लोभ असावा."

सेठनं वाचून मान डोलावली. "वा! कुठं बोट ठेवायला जागा नाही." भुजंगसुद्धा गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा अप्पांना आनंद झाला, खोटं कशाला बोला! पत्र रजिस्टरनं गेलं.

आनंद रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकला नाही. पुढचे दिवस कसे गेले ते अप्पांनाच ठाऊक. चारठाण्याच्या वाटेवरल्या जिंतूरकडून लॉरी आली की ते पायरीवर. टपालवाला दिसला की पायरीवर. सकाळी इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसले तरी कान दाराकडं. घरात गंगम्मा नुसती भांडी आपटत होती, आणि प्रत्येक भांड्याचा अर्थ अप्पांना कळत होता.

पौर्णिमा जवळ आली आणि एका सकाळी बसवंतराव स्वतःच दुकानात उभे. अप्पा टाक हातात घेऊनच उठून उभे राहिले. बसवंतरावांनी धोतराच्या कनवटीची थैली काढली, हाली रुपये गादीवर ओतले. भुजंगनं एकेक वाजवून मोजले. आठशे सतरा आणि वर आठ आणे. अप्पांनी पावती लिहिली, जुना चेक परत दिला. बसवंतरावांनी त्याची चौघडी घालून तो खिशात ठेवला. चहा घेतला नाही, पण चेहऱ्यावर राग म्हणावा तर तोही नव्हता.

"पत्र झकास होतं इवाई," ते म्हणाले. "पै न् पैचा खुलासा. अडत्यानं मला तोंडघशी पाडलं, तुमचा काय दोष! बरं, सुनेला कवा नेताय?"

"तुमी म्हणाल तवा!" अप्पा जवळजवळ ओरडलेच.

त्या दिवशी अप्पांनी अख्ख्या दुकानाला भजी खाऊ घातली. सेठ म्हणाला, "मुनीमजी, तुमच्या पत्रात जादू आहे. पैसाही आला, नातंही राहिलं." अप्पा छाती काढून भुजंगकडं बघत राहिले. घरी जाऊन गंगम्मालाही ऐकवलं: बघ, उगा घाबरत होतीस. गंगम्मानं चारठाण्याला जायची तयारी केली, भावाला संगं घेतलं आणि लेकीला आणायला गेली.

मायलेकी येणार त्या संध्याकाळी अप्पा दुकानातून लवकर निघाले. अंगणात बाज टाकली, बसले, उठले, पुन्हा बसले. कान रस्त्याकडं. घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचा, हे त्यांना पाठ होतं. बैलगाडी आली, थांबली. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या. दुसरं काहीच वाजलं नाही, आणि उमादेवी दारात उभी राहिली, जड झालेली, दमलेली, हसरी.

गंगम्मा आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

अप्पांनी लेकीच्या पायांकडं पाहिलं. "तोडे गं?"

"पाय सुजलेत अप्पा. बसत न्हाईत."

"मग बांधून आणायचे. आण पेटीतून, बघू."

उमादेवी बाजेवर टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मोडले. मामंजींनी सातशे साठ कसेबसे जुळवले होते. अडत्यानं निम्मेच दिले, बाकीचे हातउसने काढले. वरचे साडेसत्तावन्न काई केल्या होईनात. ते सावकाराकडं जायला निघाले, तवा मीच काढून दिले. त्यांनी मागितले न्हाईत हो, तुमची आण. उलट लय नको म्हणले."

चाळीस तोळे चांदी म्हणजे जेमतेम साठ रुपये, हा हिशेब अप्पांना कागदाशिवाय येत होता. त्यातले चाळीस सोडायला हरकत नाही असं सेठनं तोंडानं सांगितलं होतं. सांगितलं होतं, आणि आपण ताडकन उठलो होतो. कुणासाठी? भुजंगसाठी! अप्पांना स्वतःचे कान उपटून घ्यावेसे वाटले.

"पोरी," ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं पैशाचं? असल्या गोष्टी सुनांच्या कानावर कशाला घालायच्या?"

"कोण सांगणार? मामंजींना सहीपुरतंच येतं. घरातलं समदं टपाल मीच वाचते." ती त्यांच्याकडं बघून हसली, लहानपणी पाटी दाखवताना हसायची तशी. "तुमचं अक्षर बघून आधी वाटलं मलाच पत्र आलं. मग ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं, मोठ्यानं. कुठंच अडखळले न्हाई अप्पा."

अप्पा बाजेवर तिच्याशेजारी बसले. दिवेलागण झाली, गंगम्मानं जेवायला दोनदा हाक मारली, तरी ते उठले नाहीत.