दाब वाढवला तरी न हलणारा प्रश्न

अकरावीत आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी समतोलाच्या धड्यासाठी जादा तास ठेवला, आणि नेमका आमच्या गावच्या मंडईच्या रविवारी. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच: घरात दहा-पंधरा पाहुणे, दिवसभर दंडारीची नाचगाणी, पाळणे, जिलेबी. मी एकोडीची. अख्ख्या वर्गाला मी घरी जेवायला बोलावून बसले होते, आणि आईने वड्यांची डाळ भिजवायची तयारीही सुरू केली होती.

आम्ही इतकी गयावया केली की सर म्हणाले, "बरं. शनिवारी एकीले फळ्यापाशी उभी करतो. चार प्रश्न. चारही बरोबर आले तर सगळ्यांले सुट्टी. एक जरी चुकलं तर सगळे हजर."

त्यांनी निवडली माझी मैत्रीण. तिच्या घरी तलावातल्या मासेमारीचा धंदा. ती लाखांदूरकडून एसटीने यायची, निम्मे तास बुडवायची आणि उरलेल्यांत जांभया द्यायची. वर्गात पहिली मी, आणि वर्गाची सुट्टी हिच्या हातात!

मग मी डोकं चालवलं. मी पहिल्या बाकावर बसणार. अभिक्रिया उजवीकडे सरकत असेल तर मी खोकणार, डावीकडे सरकत असेल तर बाक करकरवणार. मैत्रिणीने निमूट मान हलवली. तिला हे सगळं मीच शिकवतेय याचा मला कोण अभिमान!

शनिवारी सरांनी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होण्याचं समीकरण लिहिलं आणि म्हणाले, "समतोल स्थिरांकाची राशी लिही." खोकून काय सांगणार? मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तिने वर अमोनियाच्या संहतीचा वर्ग, खाली नायट्रोजनची संहती गुणिले हायड्रोजनच्या संहतीचा घन, असं ठळक लिहून ठेवलं होतं. पाठ केलं असेल, मी मनात म्हटलं.

"ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. तापमान वाढवलं तर?"

मी बाक करकरवला. "डावीकडे, सर."

"तापमान तेच ठेवून आणखी नायट्रोजन घातला तर?"

मी खोकले. "उजवीकडे, सर."

सर माझ्याकडे बघून गोड हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांनी नवं समीकरण लिहिलं: हायड्रोजन आणि आयोडीन मिळून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू, सगळे वायूच. "तापमान तेच ठेवून दाब वाढवला तर समतोलाचं काय, स्थिरांकाचं काय?"

उत्तर मला लगेच आलं. इकडे वायूचे दोन रेणू, तिकडेही दोन. समतोल कुठेच सरकत नाही. पण 'कुठेच नाही' यासाठी आम्ही खूणच ठरवली नव्हती! मैत्रीण फळ्याकडे तोंड करून वाट बघत होती. शेवटी घाबरून मी एकाच वेळी खोकलेही आणि बाकही करकरवला. वर्ग फिदीफिदी हसला.

ती वळली आणि माझ्यावर चिडलीच. "चूप बस ना! मले विचार करू दे." मग सरांना म्हणाली, "सर, इकडं दोन, तिकडं दोन. दाबाचा त्रास दोन्हीकडं सारखाच. हे कायले हलते?"

"आणि स्थिरांक?"

"तापमान तर तेच हाय. तो बी तसाच राहीन."

सरांनी खडू खाली ठेवला. "बरोबर. उद्या सगळ्यांले सुट्टी." वर्गाने बाक बडवले. मीही बडवला. आवाज थांबल्यावर सर म्हणाले, "हिचा खोकला मात्र बराच वाढून राहिला. मंडईची धूळ बरी नाही. तू ये उद्या, अकरा वाजता."

रविवारी रिकाम्या वर्गात मी चार वाजेपर्यंत समतोलाची गणितं सोडवली. मधल्या सुट्टीत मोबाइल उघडला, तर वर्गाच्या ग्रुपवर फोटो: सगळे माझ्याच ओसरीवर पंगतीत, आणि मधोमध मैत्रीण, दोन्ही हातांत वडे. मला रडूच आलं. सुट्टी हुकली म्हणून आलंच, पण तिला काही येत नाही असं मी धरून चालले होते, ते जास्त लागलं.

संध्याकाळी घरी पोचले तर दंडार संपलेली, वड्यांचं पातेलं घासून उपडं ठेवलेलं. आईने गवतीचहा-मिऱ्याचा तिखट काढा पुढे केला.

"पी. तुह्या मैत्रिणीनं सांगतलं, तुले लय खोकला झाला म्हणून. मोठी गुणाची पोर हाय. तुह्या वाटचे वडेबी तिलेच बांधून देल्ले."