खाली काम चालू

शामकांतरावांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, संस्कृत घेऊन मिळवलेली बी.ए. आणि दुसरी, हिंदीच्या साऱ्या परीक्षांत मिळालेला पहिला वर्ग. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात ते आवक-जावक बघत, आणि टपालाच्या वहीत संस्कृतला कोण विचारतो? पण एकाहत्तर सालच्या हंगामात कारखाना निरीक्षक आले आणि शेरा मारून गेले, की धोक्याच्या पाट्या नुसत्या इंग्रजीत आहेत, त्या कामगारांना कळतील अशा भाषेत हव्यात. काम शामकांतरावांकडे आलं. त्या संध्याकाळी त्यांनी विजयाबाईंना बासुंदी करायला सांगितली.

आठ दिवस खपून त्यांनी पाट्या तयार केल्या. 'उष्ण बाष्पनलिका. स्पर्श निषिद्ध.' 'गतिमान चक्रांच्या सान्निध्यात शिथिल वस्त्रे परिधान करू नयेत.' रंगवायला मिरजगावचा मच्छिंद्र होता. शाळा चौथीपर्यंत, हात मात्र ट्रकच्या फळ्या रंगवून तयार झालेला. चीफ इंजिनिअरच्या खोलीत त्यानं तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि शामकांतरावांकडे बघत डोकं खाजवलं.

"भाऊसाहेब, ही पाटी वाचून हुईस्तोवर धोतर गेलं की चाकात."

खोलीभर हशा पिकला. "मग तू काय लिहिशील?" इंजिनिअरनं विचारलं.

"धोतर सांभाळा. चाक ओढून घेतं. बास."

इंजिनिअरनं टेबलावर थाप मारली. तिथल्या तिथं ठरलं, की मजकूर मच्छिंद्रनं सुचवायचा आणि शामकांतरावांनी तपासून सही करायची. म्हणजे वरात निघाली आणि नवरदेवाला बत्ती धरायला लावली!

तेव्हापासून शामकांतरावांचा जळफळाट सुरू झाला. पाट्या लागल्या तसे कामगार त्या मोठ्यानं वाचत, हसत आणि हसता हसता धोतराचा काचा घट्ट करत. वाफेच्या नळावर मच्छिंद्रनं लिहिलं, 'दिसत नाही, पण भाजतं.' तर तिथून येणारा-जाणारा अंग चोरून जाऊ लागला. पाटीचं काम झालं होतं, हे शामकांतरावांनाही दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच जास्त लागत होतं. कॉलनीत हळदीकुंकवाला गेलेल्या विजयाबाई परत येऊन म्हणाल्या, "तो पेंटर किती सोपं लिहितो म्हणे!" शामकांतरावांनी पुढचा भात तसाच टाकला. त्याच्या मजकुरात ते ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसत आणि एखादी वेलांटी चुकलेली सापडली, की त्यांना दिवसभर बरं वाटे.

मग एक दिवस मच्छिंद्र नवीन कागद घेऊन आला. रस आटवायची मोठमोठी भांडी दर पंधरा-वीस दिवसांनी रिकामी करून घासावी लागत. माणसं बाजूच्या झाकणातून आत उतरत आणि नळ्यांत ब्रश घालून खरवड काढत. वाफेचा व्हॉल्व्ह वरच्या माळ्यावर. तिथून आतलं माणूस दिसत नसे. म्हणून व्हॉल्व्हच्या चाकाला टांगायला पत्र्याची लहानशी पाटी हवी होती. त्या व्हॉल्व्हवर उत्तर प्रदेशातला रामसुमेर होता.

"पत्रा इवलासा हाय," मच्छिंद्र म्हणाला. "म्हनलं, अक्षरं तर एकच हायेत. एक पाटी मराठीवाल्यालाबी आन् भय्यालाबी पुरंल."

कागदावर लिहिलं होतं, 'खाली काम चालू.'

शामकांतरावांनी पेन्सिल उचलली आणि 'खाली'भोवती गोल केला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं! रामसुमेर हे वाचणार, 'भांडं रिकामं आहे, काम चालू करा.' त्यांनी समासात लिहिलं, 'हिंदीत रिकामे.' महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचं ज्ञान कामाला आलं होतं.

आणि मग मनात पाप आलं. चूक दाखवली, की मच्छिंद्र हसून दुरुस्त करणार आणि पाटी पुन्हा त्याच्याच नावावर जमा होणार. त्यापेक्षा जाऊ दे की वर! भय्या वाचेल, खो खो हसेल, सगळा कारखाना हसेल. एकदा कळू दे, चौथी पासवाल्याला भाषा किती कळते ते. आत माणसं असतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हेव्यानं माणसाला मोतीबिंदू होतो, नेमकं तेवढंच दिसेनासं होतं. त्यांनी खोडरबरानं पेन्सिल पुसली, कागदावर फुंकर मारली आणि शाईनं सही केली.

सफाईच्या दिवशी चार वाजता पाळी बदलायच्या वेळी शामकांतराव माळ्यावर हजर. फजिती बघायला! मुद्दाम कान दिला तरच खालून ब्रशांची खरखर ऐकू येत होती. आत श्रीमंत आणि सहादेव हे दोन कामगार होते.

रामसुमेर आला. त्यानं पाटी वाचली. "खाली... काम चालू." तो हसला नाही. "अच्छा, खाली हो गया," असं म्हणून त्यानं पाटी काढून कठड्याला अडकवली आणि दोन्ही हात चाकाला घातले.

परीक्षेतलं सगळं हिंदी शामकांतरावांच्या घशात अडकलं. चाक पाव फेरा फिरलं. "आदमी!" ते ओरडले. "अंदर आदमी! माणसं हायेत रं, माणसं!" जन्मात त्यांनी कधी 'हायेत' म्हटलं नव्हतं. धावत जाऊन त्यांनी रामसुमेरच्या मनगटाला मिठीच मारली. चाक उलटं फिरलं. खाली श्रीमंत आणि सहादेव ओरडत बाहेर आले तेव्हा श्रीमंतच्या पाठीवर वाफेचा फक्त ओलावा होता.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आबासाहेबांनी सगळ्यांसमोर शामकांतरावांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. मच्छिंद्र आपणहून पुढे झाला. "चूक माजी. मला हिंदीचा गंध न्हाई. भाऊसाहेब हुते म्हनून दोन घरं वाचली." टाळ्या पडल्या. ज्या टाळ्यांसाठी शामकांतराव महिनाभर झुरले होते, त्या नेमक्या तशाच होत्या.

यापुढे चाकाला साखळी आणि कुलूप घालायचं आणि किल्ली आत उतरणाऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवायची, असं इंजिनिअरनं ठरवलं. पाटीही मोठी करायची, मराठी वेगळी आणि हिंदी वेगळी. ती लिहून घ्यायला मच्छिंद्र कचेरीत आला.

"भाऊसाहेब, आता तुमी सांगा."

"आत माणसं आहेत. व्हॉल्व्ह उघडू नका," शामकांतराव हळू आवाजात म्हणाले. "अंदर आदमी हैं। वाल्व मत खोलो।"

मच्छिंद्रनं लिहून घेतलं. मग खिशातून जुना कागद काढून तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला. गोल दिसत होता. समासातली अक्षरंही.

"रबरानं पुसलं तरी वळ ऱ्हातो. पत्र्यावर रेघा मारून मारून आमचे डोळे तसलं लगीच धरत्यात."

शामकांतरावांनी आधी दाराकडे पाहिलं. "कुणाला सांगितलंस?"

"कुनाला सांगू? श्रीमंताची बायकू साळूबाई सकाळी तुमच्या घरी वैनींची ओटी भरून आली. म्हनली, द्येव मानूस हाय." त्यानं कागदाचे चार तुकडे केले आणि ते टोपलीत टाकले. "तिला काय सांगू?"

तो रंगाचा डबा उचलून निघून गेला. खिडकीतून शामकांतरावांना तो व्हॉल्व्हकडे जाताना दिसत होता. वाटेत ज्याला त्याला रामराम घालत होता. त्याच्या जागी आपण असतो तर हा कागद सबंध कारखान्याला दाखवून आलो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हेही त्याला जमतं आणि आपल्याला नाही. लाजेनं मान खाली गेली असतानाही शामकांतरावांना त्याचा हेवाच वाटला.